अडतीस स्लाइड आणि एक तांब्या: खानापूर भागातल्या एका संघासाठी जुलाबाचं सेशन कसं बसवलं

मी बेळगावात एका छोट्या संस्थेत ट्रेनिंगचं काम बघते. आशा कार्यकर्तींना तालुक्याला जी ट्रेनिंग मिळते ती गावात बायकांपर्यंत पोचताना मध्येच कुठंतरी गळते, ती कुठं गळते ते बघायचं आणि जमलं तर भोक बुजवायचं, असं साधारण काम. हे प्रकरण खानापूर तालुक्यातल्या एका गावचं आहे, गावाचं नाव देत नाही. गाव मराठी, पण चार-पाच घरं कन्नड बोलणारी, सुना काही इकडच्या काही कित्तूर बाजूच्या, त्यामुळं संघाच्या मीटिंगमध्ये दोन्ही भाषा एकदमच चालतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. महाराष्ट्रात ज्याला बचत गट म्हणतात त्याला इकडं सगळे संघच म्हणतात. संघात सतरा बायका, मीटिंग दर गुरुवारी संध्याकाळी सातनंतर देवळाच्या ओसरीवर.

गावच्या आशाला आम्ही सगळे अक्का म्हणतो. पावसाळ्याच्या तोंडाला तिला लहान मुलांच्या जुलाबावर ट्रेनिंग झालं. दरवर्षी याच दिवसांत असतंय ते, २०१४ पासून पंधरवडा म्हणून चालायचं, २०२४ पासून ‘स्टॉप डायरिया’ नावानं. ट्रेनिंगच्या स्लाइडची पीडीएफ तिच्या मोबाईलवर आली, अडतीस स्लाइड, कन्नडमध्ये आणि मधे मधे इंग्रजी. तिनं मला फोन केला, “मॅडम, हे संघात सांगायला सांगितलंय, मला कन्नड वाचता येतंय की, पण वाचून दाखवलं तर ह्या बायका उठून जातील. मराठीत करून द्या.”

मी मराठीत करून दिलं. इथंच माझी पहिली चूक झाली, कारण मी खरंच फक्त मराठीत केलं. अडतीस स्लाइडच्या अडतीस परिच्छेद केले, अतिसार, निर्जलीकरण, जलशुष्कतेचे वर्गीकरण, सगळं शुद्ध, टाईप करून, सात पानं. अक्कानं ते गुरुवारी वाचलं. मी मागं बसले होते. तिसऱ्या पानावर लाईट गेली, तिनं मोबाईलच्या उजेडात पुढं वाचलं, तोवर कोपऱ्यात कर्जाच्या हप्त्याचा हिशोब सुरू झालेला. शेवटी तिनं विचारलं कुणाला काही शंका? कुणालाच नव्हती. शंका नसणं ही चांगली खूण नसते हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

उठता उठता एक आज्जी मात्र बोलली, “ते लिटर लिटर म्हटलीस ते काय कळलं नाही बघ. मी तांब्यानंच घालतो की. चालतंय काय?”

अक्का म्हणाली चालतंय. आणि मग माझ्याकडं बघितलं. मला पण माहीत नव्हतं. तांब्या म्हणजे किती?

त्या एका प्रश्नावरनं पुढचं सगळं बसवलं, म्हणून तो आधी सविस्तर सांगते.

सरकारी ओआरएसचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, त्यात साखर म्हणजे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम आणि बाकीचे दोन क्षार, आणि हे सगळं एक लिटर पाण्याच्या हिशोबानं मोजलेलं आहे. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असलं तरच आतडं ते दोन्ही मिळून ओढून घेतं आणि त्यांच्यामागनं पाणी आत जातं. जुलाब चालू असताना पण ही वाट बंद होत नाही, सगळी युक्ती इथंच आहे. पाणी कमी घातलं तर द्रावण जास्त खारट होतं, आधीच पाणी गेलेल्या पोराच्या अंगात मीठ वाढतं, ते धोक्याचं आहे. पाणी जास्त घातलं तर धोका त्यामानानं कमी पण उपयोगही कमी. म्हणजे स्लाइडवरच्या ‘एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे’ ह्या चार-पाच शब्दांवर सगळं उभं आहे आणि आम्ही ते इतर सदतीस स्लाइडच्या चालीवर वाचून टाकलेलं.

पुढच्या गुरुवारी अक्कानं बायकांना एवढंच सांगितलं, येताना आपापल्या घरचा तांब्या घेऊन या. बारा तांबे आले. स्टीलचे, पितळेचे, एक तांब्याचा तांब्या, एक प्लॅस्टिकचा जग. आम्ही बिसलेरीसारखी एक लिटरची रिकामी बाटली आणलेली, तिनं एकेक भरून बघितला. सगळ्यात लहान तांब्यात पाऊण लिटरपण मावलं नाही, बाटलीत पाणी उरलं. सगळ्यात मोठ्यात बाटली रिकामी होऊन वर चार बोटं जागा शिल्लक. लिटरच्या जवळपास बसणारे बारात तीनच. ओसरीवर एकदम हसणं आणि कालवा सुरू झाला, ‘तुझ्या सासूचा तांब्या मोठाच असणार गे’ वगैरे, आणि मला कळलं की हेच सेशन आहे, ह्याला काय लिहून द्यायची गरजच नाही.

आता खूण कशी करायची. मला वाटलं नेलपॉलिशनं बाहेरनं रेघ मारू. मारली. मग लक्षात आलं की स्टीलच्या तांब्यात आतलं पाणी बाहेरनं दिसत नाही, रेघ नुसती शोभेची. आतनं नेलपॉलिश लावणं बरं नाही. तेव्हा एका बाईनंच सोडवलं, भाताला पाणी आपण बोटानं बघतो की, तसं बघायचं. म्हणजे लिटर ओतल्यावर पाणी काठापासनं किती बोटं खाली राहिलं ते आडवी बोटं लावून मोजायचं आणि तेवढं ध्यानात ठेवायचं: माझा तांब्या दोन बोटं कमी, तुझा काठोकाठ. तांब्याचा गळा निमुळता असल्यामुळं अर्ध्या बोटाची चूक झाली तरी पन्नास मिलीच्या आतच फरक पडतो, मी नंतर घरी मोजून बघितलं, तेवढं चालतं. ज्यांचा तांब्या लिटरपेक्षा लहान, त्यांनी तो वापरायचाच नाही, पातेलं किंवा बाटली घ्यायची. एवढं सरळ सांगितलं. लहान तांब्याला दीड तांब्या, सव्वा तांब्या असले हिशोब शिकवायचे नाहीत, रात्री दोनला पोरगं ओकत असताना कुणालाही सव्वा आठवत नाही.

(बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं १९८० पासून घरोघर जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, तिथं शिकवणाऱ्या बायकांना पैसे किती घरं केली त्यावर नाही तर आईला नंतर किती आठवतं त्यावर मिळायचे. हे मी खूप आधी वाचलेलं, पण सात पानं टाईप करताना डोक्यात आलं नाही.)

मग मी आणि अक्का तिच्या पडवीत बसून अडतीस स्लाइड परत उघडल्या. ह्या वेळेला प्रश्न वेगळा ठेवला. ‘हे मराठीत कसं म्हणायचं’ असं नाही तर ‘पोराला रात्री जुलाब सुरू झाले तर आई हाताने काय करणार’, आणि जी स्लाइड त्या हातांना काही देत नाही ती बाजूला. पहिल्या नऊ स्लाइड देशात किती मुलं, राज्यात किती, कार्यक्रमाची उद्दिष्टं अशा होत्या, त्या गेल्या. रिपोर्ट कसा भरायचा ह्याच्या सहा, त्या अक्काच्या कामाच्या, संघाच्या नाहीत. हात धुण्याच्या पाच होत्या, त्या महत्त्वाच्या असूनही आम्ही काढल्या, त्याचं वेगळं सेशन करायचं ठरवलं. कारण चाळीस मिनिटांत दोन विषय घातले की दोन्ही जातात. ह्यावर अक्का आणि माझा वाद झाला, तिचं म्हणणं वर विचारतील, हात धुणं सांगितलं काय म्हणून. शेवटी तोडगा निघाला: पाणी ओतायच्या आधी सेशनमध्ये अक्का स्वतः साबणानं हात धुते, सगळ्यांसमोर, न बोलता. विचारलं तर दाखवलं म्हणून सांगता येतं.

जलशुष्कतेचं वर्गीकरण, म्हणजे अंगातलं किती पाणी गेलंय ते ठरवणं, पण काढलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि किती हळू मागं जाते बघायचं, त्यावरनं उपचाराचा प्लॅन ए, बी की सी ते ठरवायचं. हे अक्कानं करायचं, नर्सनं करायचं. आईला एवढंच पाहिजे की कधी घरी थांबायचं नाही. त्यातनं पाच गोष्टी उरल्या: पोरगं पीत नाही किंवा छाती ओढत नाही, पाजलेलं सगळंच्या सगळं ओकतंय, मलूल पडलंय आणि हाक मारली तरी नीट बघत नाही, डोळे खोल गेलेत, संडासात रक्त आहे. ह्यातलं एक जरी दिसलं तरी पीएचसी, आणि वाटेत पण, पीत असेल तर, घोट घोट पाजत जायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर कसलीही वाट न बघता जायचं.

अडतीसच्या चार गोष्टी झाल्या. पाणी किती आणि पाकीट कसं, किती पाजायचं, झिंकची गोळी किती दिवस, कधी पळायचं.

आता शब्द. ह्यात आम्ही सगळ्यात जास्त अडखळलो. अतिसार कुणी म्हणत नाही, जुलाब म्हणतात, ढाळ म्हणतात, कन्नडवाल्या भेदी म्हणतात, ते तिन्ही शब्द पहिल्या वाक्यात एकदा घ्यायचे आणि मग जुलाबावरच राहायचं. निर्जलीकरणाला ‘अंगातलं पाणी गेलं’. हे सोपं होतं. फसलो ते पुडीवर. मी लिहिलेलं ‘एक पुडी लिटरभर पाण्यात घाला’. मराठीत पुडी म्हणजे पाकीट, बांधलेली. पण कन्नडमध्ये पुडी म्हणजे पावडर. कित्तूरकडच्या एका सुनेनं ऐकलं ते असं की पावडर पाण्यात घाला, आणि तिनं चमच्यानं थोडी घातली, बाकीची घडी घालून उद्यासाठी ठेवली. तिची चूक काहीच नव्हती, तिच्या कानाला ते वाक्य अगदी बरोबर होतं. तेव्हापासनं आमच्या कागदात पुडी हा शब्दच नाही. ‘पाकीट’ म्हणायचं, आणि ‘अख्खं पाकीट, एकाच वेळी, झटकून रिकामं’, आणि अक्का ते पाकीट उलटं करून बोटानं टिचकी मारून दाखवते. सीमाभागात काम करणाऱ्यांनी असे दोन्हीकडं वेगळा अर्थ असलेले शब्द आधी शोधून काढलेले बरे, आपल्याला वाटतं दोन्ही भाषा येतात म्हणजे झालं.

कपाचा घोळ तसाच. स्लाइडमध्ये टेबल होतं: प्रत्येक पातळ संडासनंतर दोन महिने ते दोन वर्षांच्या मुलाला पाव ते अर्धा कप, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. हा कप दोनशे मिलीचा. आमच्याकडं घरात चहाचा कप बघा, बाटलीनं मोजला तर एका लिटरला दहा कप भरले, म्हणजे शंभर मिलीचा. शब्दशः सांगितलं असतं तर प्रत्येक पोराला अर्धंच मिळालं असतं. मग सेशनमध्ये असं केलं: दोन वर्षांच्या आतल्याला अर्धा ते एक चहाचा कप, दोनच्या वरच्याला एक ते दोन. आणि कप म्हणताना अक्का हातात कप धरूनच म्हणते. कुठल्या गावात कप मोठे असतील तर तिथं आधी मोजायचं, हे कागदावर वरच लिहून ठेवलंय.

सेशनचा कागद मी नंतर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिला, कारण ओसरीवरच्या उजेडात टाईप केलेलं अक्कालाच दिसत नव्हतं. त्यात परिच्छेद नाहीत. एका बाजूला अक्का काय विचारणार, दुसऱ्या बाजूला हातानं काय करणार. सांगायची वाक्यं फार थोडी. साधारण कसं चालतं ते लिहिते.

आधी पैशाचं काम संपू द्यायचं, हप्ते, सह्या, सगळं. त्याच्या आधी सुरू केलं तर लक्ष वहीवर असतं. मग अक्का बसल्या जागेवरनं सुरू करते, उभी राहून नाही. “परवा एका घरात पोराला जुलाब लागले. सासू म्हणाली पाणी बंद करा, पाणी दिलं की अजून जुलाब होतात. सून म्हणाली द्यायला पाहिजे. आता तुम्ही सांगा, कुणाचं खरं?” आणि गप्प बसायचं. कागदावर मी ‘गप्प बसा, दहापर्यंत मोजा’ असं लिहिलंय, कारण अक्काला लगेच उत्तर द्यायची सवय. दहापर्यंत मोजलं की कुणीतरी बोलतंच, आणि एक बोलली की सात बोलतात.

इथं पाणी बंद करण्याचं मत येणार हे धरूनच चालायचं. त्याला ‘चुकीचं आहे’ म्हणायचं नाही, ज्या आज्जीनं सहा पोरं वाढवली तिला सर्वांदेखत चुकीचं ठरवलं की ती घरी जाऊन सुनेला पाकीट फोडू देत नाही. अक्का काय करते, प्लॅस्टिकची पिशवी घेते, पाणी भरते, खाली सुईनं भोक पाडते. पाणी गळायला लागतं. “आता वरनं ओतायचं बंद केलं तर काय होईल?” पिशवी सुरकुतते, बसते. “टाळू बसते, डोळे खोल जातात, ते हेच. भोक आपोआप बुजतंय दोन-चार दिवसांत, पण तोवर वरनं ओतत राहायला पाहिजे.” ह्याला कुणी वाद घालत नाही. टाळू बसली म्हणून तेल घालतात ते घालू द्यायचं, तेलाच्या जोडीला पाजायचं, एवढंच. तेलावर भांडून सेशन घालवण्यात अर्थ नाही.

दात येताना जुलाब होणारच, हे दुसरं मत, ते पण येतंच येतं. त्याला उत्तर असं ठेवलं: दात येताना हिरड्या शिवशिवतात, पोरगं दिसेल ते तोंडात घालतं, त्यातनं घाण पोटात जाते. म्हणजे दाताचं आज्जीचं निरीक्षण मोडत नाही आणि उपाय पण सुटत नाही.

मग तांबे. आपापला तांब्या, बाटलीनं मोजायचा, बोटं ठरवायची. पाणी उकळून गार केलेलं, ते नसेल तर घरात पिण्याचं म्हणून ठेवलेलं. साध्या साखर-मिठाच्या पाण्यासारखं चवीनं मीठ-साखर वर घालायचं नाही, दुधात कालवायचं नाही. कालवलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. चोवीस तास म्हणताना आम्ही ‘उद्या ह्याच वेळेपर्यंत’ म्हणतो.

प्रत्येकीनं चव घ्यायची. हे स्लाइडमध्ये कुठंच नाही पण माझ्या मते ह्यानंच बराच फरक पडतो. नीट कालवलेल्या पाण्याची चव जिभेवर बसली की पुढच्या वेळी जास्त खारट झालं तर तिलाच कळतं. आम्ही मुद्दाम एका तांब्यात अर्ध्याच पाण्यात पाकीट घालून ठेवतो, त्याची पण चव द्यायची. तोंडं वाकडी होतात. अक्का एवढंच म्हणते, हे पोराला द्यायचं नाही.

पाजायचं चमच्यानं, थोडं थोडं. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं, मग अजून हळू. ओकलं म्हणून बंद नाही. अंगावरचं दूध चालूच, सहा महिन्यांच्या आतल्याला दूध आणि हे पाणी, दुसरं काही नाही. मोठ्याला पेज, ताक, डाळीचं पाणी, जे घरात असतंय ते. चहा आणि रंगीत सरबतं नकोत. इथं मेडिकलमधल्या त्या गोड रंगीत डब्यांचा विषय निघाला, ज्यावर ओआरएससारखं नाव असायचं. साखर जास्त आणि क्षार कमी, जुलाबात ते उलटं पडू शकतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली, पण बायकांच्या डोक्यात ‘तो डबा’ पक्का बसलाय. म्हणून अक्का म्हणते, ‘ओतायचं असेल ते नाही, कालवायचं असेल ते आपलं.’

आता झिंक, आणि ह्यात आम्ही पहिल्यांदा नीट फसलो. स्लाइड म्हणते चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिने ते पाच वर्षं वीस मिलिग्रॅमची एक गोळी रोज, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून. चौदा हा आकडा कुणाच्याच डोक्यात राहिना. एक म्हणाली बारा, एक म्हणाली पंधरवडा. मग वारावर आणलं: ज्या वारी पहिली गोळी दिली तो वार त्यानंतर दोनदा यायचा, दुसऱ्यांदा उजाडला की त्या दिवशी गोळी नाही. सोमवारी सुरू केली तर पुढचा एक सोमवार जाऊ द्यायचा, त्याच्या पुढच्या सोमवारी बंद. बरोबर चौदा होतात, मी बोटं मोडून तीनदा मोजलं. आणि तीच गोष्ट घरातल्या म्हातारीला पण सांगता येते.

शेवटी उलट सांगणं. अक्का विचारत नाही ‘कळलं काय’, त्याला सगळे होयच म्हणतात. ती दोघी जणींना पुढं बोलावते, एक आई, एक सासू, आणि म्हणते रात्र झालीय, पोराला चौथ्यांदा झालं, करा आता. त्या करतात, बाकीच्या चुका काढतात. सासूला मुद्दाम घ्यायचं. पहिल्या वेळी फक्त तरुण आयांना घेतलं आणि मग एका घरात सासूनं पाकीट कपाटात ठेवून दिलं, ‘बघू उद्यापर्यंत’ म्हणून.

पूर्ण सेशन चाळीस मिनिटं धरलेलं, पहिल्यांदा एक तास दहा मिनिटं झालं, निम्मा वेळ तांब्यांनी खाल्ला. तो कमी करायला मी काही गेले नाही. जे कमी केलं ते शेवटचं, धोक्याच्या पाच खुणा. त्या आम्ही आधी तोंडी सांगायचो, आता पाच बोटांवर सांगतो, एकेक बोट मिटत. तरी खरं सांगायचं तर ह्या भागात आमचं सेशन कच्चंच आहे. डोळे खोल गेलेत हे ओसरीवर दाखवता येत नाही, आणि फोटो दाखवला तर बायका ‘अग्गं बाई’ म्हणून तोंड फिरवतात.

तीन आठवड्यांनी मी न सांगता गेले. सतरापैकी चौदा जणी भेटल्या, बाकीच्या रोप लावायला गेलेल्या. प्रत्येकीच्या घरी जाऊन फक्त एवढंच म्हटलं, तुमचा तांब्या दाखवा आणि पाकीट कालवून दाखवा. अकरा जणींनी पाणी बरोबर घेतलं, बोटं लावून. एकीनं सुनेला हाक मारली, तिला आठवत नव्हतं पण सुनेला येत होतं, ते मी बरोबर धरलं. दोघींनी चूक केली, आणि दोघींची चूक एकच: मेडिकलमधनं आणलेलं लहान पाकीट. ते चार ग्रॅमच्या आसपासचं, दोनशे मिलीसाठी असतं, त्यांनी ते इमानानं लिटरभर पाण्यात घातलं, आम्ही शिकवलं तसं. म्हणजे पाणी पाचपट पातळ. आम्ही फक्त सरकारी पाकीट धरून सेशन बसवलेलं, दुकानातलं लहान पाकीट डोक्यातच आलं नव्हतं. आता अक्काच्या पिशवीत दोन्ही पाकिटं असतात, आणि पहिला प्रश्न तोच, ‘हे मोठं की लहान?’ मोठ्याला तांब्या, लहानाला दोन चहाचे कप. छापलेलं वाचता येत नसेल तर हातात घेऊन वजनानं पण फरक लगेच कळतो.

त्या तीन आठवड्यांत गावात एका दीड वर्षाच्या मुलाला खरंच जुलाब झाले. आईनं रात्रीच पाणी कालवलं, बोटं लावून, कपानं पाजलं, सकाळी अक्काला बोलावलं, पोरगं घरातच बरं झालं. ते ऐकून मी खूष झाले. मग झिंकचं विचारलं. पाच दिवस दिली आणि बंद, कारण जुलाब थांबले आणि गोळीची चव वाईट, पोरगं थुंकायचं. वाराचा हिशोब तिला तोंडपाठ होता, मलाच म्हणून दाखवला. पण थांबल्यावर कशाला द्यायची, हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. ती गोळी आताच्या जुलाबापेक्षा पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी असते, आतड्याचा आतला थर भरून येतो आणि परत जुलाब लागायचं कमी होतं. स्लाइड क्रमांक सत्तावीसवर ते होतं. आम्ही ‘हाताला काही देत नाही’ म्हणून काढून टाकलेली तीच स्लाइड.

ती परत घेतली, एका वाक्यात. “पाऊस थांबला तरी कौलं शाकारतोच की आपण.” अक्काचंच वाक्य आहे, खानापूरकडं ते सांगावं लागत नाही. आणि संघाची खजिनदार आता गुरुवारी हप्ते घेताना ज्या घरात जुलाब झालेत तिथल्या बाईला विचारते, गोळ्या किती राहिल्या. पट्टी घेऊन यायला सांगते. पुढच्या पावसाळ्यात किती पट्ट्या रिकाम्या होतात ते बघायचंय.